‘पांढरे डाग’ की ‘उजळ ठिपके’?

प्रश्न : वहिनी (वय ४७) डोकेदुखीने हैराण होत्या म्हणून मेंदूचा एमआरआय काढला. रिपोर्टात ‘फ्यू नॉन-स्पेसिफिक व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटीज, लाइकली क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ असं आहे. दादाने घरात ‘मेंदूत पांढरे डाग आणि नस ब्लॉक’ असं सांगितलं. हे मराठी बरोबर आहे का?

आधी ‘डाग’ काढा. मराठीत ‘पांढरे डाग’ म्हटलं की कोड डोळ्यांपुढे येतं. ‘उजळ ठिपके’ म्हणा. ‘पांढरे’ही नको, कारण ‘व्हाइट मॅटर’मधला पांढरा वेगळा आहे. त्याला आपल्याकडे श्वेत द्रव्य म्हणतात. चेतातंतूंवर मायेलिनचं स्निग्ध आवरण असतं, त्यामुळे मेंदू कापल्यावर तो भाग पांढुरका दिसतो. नाव त्यावरून पडलं. फ्लेअर नावाच्या एमआरआय चित्रात मात्र हेच श्वेत द्रव्य करडं दिसतं, आणि जिथे पाण्याचा अंश थोडा वाढलेला असतो ती जागा आजूबाजूपेक्षा उजळते. ‘हायपरइंटेन्स’ म्हणजे एवढंच. तो शब्द चित्राचं वर्णन करतो, त्यात आजाराचं नाव नाही.

‘नस ब्लॉक’ तर साफ चूक. इथल्या रक्तवाहिन्या इतक्या बारीक असतात की नेहमीच्या एमआरआयमध्ये त्या दिसतच नाहीत. डॉक्टरांना दिसतात ते ठिपके, आणि त्यावरून ते अंदाज करतात की वय, रक्तदाब किंवा मधुमेहामुळे या वाहिन्यांच्या भिंती जाड होऊन तिथला रक्तपुरवठा थोडा अपुरा पडला असावा. म्हणून वाक्यात ‘लाइकली’ आहे. भाषांतरात सगळ्यात आधी गळतो तो हाच शब्द, आणि अंदाजाचं निदान होऊन बसतं.

‘क्रॉनिक’चंही तसंच. बोलण्यात आपण तो ‘गंभीर’ या अर्थाने वापरतो. मूळ ग्रीक शब्द काळाचा. इथे अर्थ ‘जुने, हळूहळू झालेले’. ‘जुनाट’ म्हणू नका, त्याला जुनाट खोकल्याचा चिवटपणा चिकटलेला आहे.

‘नॉन-स्पेसिफिक’ म्हणजे ‘विशेष काही नाही’ असंही नाही. एकाच कारणाकडे बोट दाखवता येत नाही, असा त्याचा अर्थ. असे ठिपके वयानुसार येतात, उच्च रक्तदाबात येतात, आणि मायग्रेन असलेल्यांत इतरांपेक्षा जास्त आढळतात. त्यामुळे ‘ठिपक्यांमुळे डोकं दुखतं’ असं वाक्य या रिपोर्टातून काढता येत नाही.

मी ते असं लिहीन : ‘श्वेत द्रव्यात मोजके उजळ ठिपके, नेमकं एक कारण सांगता येत नाही, बहुधा बारीक रक्तवाहिन्यांचा पुरवठा कमी पडल्याने झालेले जुने बदल.’

खाली ‘फझेकास ग्रेड १’ असेल तर तेही दादाला समजावा. ही मोजपट्टी १९८७ सालची, ० ते ३ अशी. १ म्हणजे सुटे, तुरळक ठिपके. कॅन्सरच्या ‘स्टेज’शी तिचा संबंध नाही. आणि शेवटचं ‘क्लिनिकली कोरिलेट’ म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांनी हे चित्र वहिनींच्या दुखण्याशी, रक्तदाबाशी, साखरेशी ताडून पाहावं.