वेधाला नाव हवे आणि तारीख हवी

चि. ... यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा महाल भागातल्या घरी तू मकर राशीच्या त्या मुलाचे गोचर मांडलेली वही माझ्याकडे ठेवून गेलास, ती मी दोनदा वाचली. गणिताबद्दल तक्रार नाही. ग्रहांच्या राशी बरोबर आहेत, गोचर चंद्रराशीपासून मोजायचे हेही तू विसरलेला नाहीस. माझे लक्ष अडले ते तुझ्या शेवटच्या ओळीवर. तू लिहितोस, ‘शनी तिसरा, गुरू सातवा होणार, दोन्ही शुभ, म्हणून विवाहाला दुप्पट अनुकूल’. आणि लगेच समासात बारीक अक्षरात, ‘डिसेंबरात शनीला वेध होता का? रवीचा? समोरून कोण?’ तुझा गोंधळ त्या समासात आहे, म्हणून उत्तरही समासापासून देतो.

‘समोरून कोण’ हा प्रश्नच आधी सोडून दे. वेध म्हणजे शुभ घरातल्या ग्रहाचे फळ ठरावीक दुसऱ्या घरातल्या ग्रहाने अडवणे, आणि ते दुसरे घर म्हणजे वेधस्थान. वेधाचे घर नेहमी समोरचे असते ही समजूत तुला रवीच्या कोष्टकाने दिली आहे. रवी तिसरा, सहावा, दहावा आणि अकरावा शुभ; त्याची वेधस्थाने अनुक्रमे नववे, बारावे, चौथे आणि पाचवे. या चारही जोड्या समोरासमोरच्या आहेत आणि विद्यार्थी पहिल्यांदा रवीच पाठ करतो, त्यामुळे त्याला वाटते की वेध म्हणजे सप्तम दृष्टीचेच दुसरे नाव. तसे नाही. शनी तिसरा शुभ, तर त्याचे वेधस्थान बारावे आहे. सहाव्याचे नववे आणि अकराव्याचे पाचवे. गुरू सातवा शुभ, तर त्याचे वेधस्थान तिसरे. या जोड्या पाठच कराव्या लागतात, त्यांना आडवाट नाही.

आता तुझा डिसेंबर पाहू. शनी 29 मार्च 2025 पासून मीनेत, म्हणजे मकरेला तिसरा. त्याचे वेधस्थान बारावे, म्हणजे धनू. रवी 16 डिसेंबरला धनूत आला आणि मकरसंक्रांतीपर्यंत तेथे राहिला, पण त्याचा वेध शनीला लागत नाही, कारण रवी आणि शनी पिता-पुत्र आहेत. चंद्र आणि बुध यांच्यातही हीच सूट आहे. मग वेध नव्हताच का? होता. मंगळ 7 डिसेंबरपासून 16 जानेवारीपर्यंत धनूत होता, मधल्या काळात शुक्र आणि बुधही तेथे येऊन गेले, आणि चंद्र तर दर महिन्याला सव्वादोन दिवस त्या राशीतून जातोच. तेव्हा तुझ्या वहीत ओळ अशी हवी होती: ‘शनीला वेध, मुख्यतः मंगळाचा, 7 डिसेंबर ते 16 जानेवारी.’ वेध करणाऱ्याचे नाव आणि सुरुवात-शेवटाच्या तारखा लिहिल्याशिवाय वेध हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मी हे तुला याआधीही सांगितले आहे, आणि तू मान डोलावली होतीस.

मी यावर इतका का अडतो, तेही एकदा सांगून टाकतो. जुलै 2013 च्या अखेरच्या आठवड्यात कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा व्यापार करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. सिंह रास, शनी तुळेत म्हणजे तिसरा, आणि त्यांना गाळ्याचा करार करायचा होता. मी कर्केत, त्यांच्या बाराव्यात, ग्रह पाहिला आणि ‘वेध आहे, थांबा’ एवढेच म्हणालो. ते थांबले आणि गाळा दुसऱ्याने घेतला. त्या आठवड्यात कर्केत फक्त रवी होता. ज्याचा वेध शनीला लागतच नाही त्याच्या नावावर मी माणसाला थांबवले, कारण मी नाव उच्चारलेच नव्हते; ‘रवीचा वेध’ असे दोन शब्द मोठ्याने म्हटले असते तर माझी जीभच अडखळली असती. आता तू म्हणशील, बारावा रवी स्वतः अनिष्टच असतो आणि त्या वेळी त्याचे अनिष्ट फळ अडवणारा, म्हणजे त्याला विपरीत वेध देणारा कोणीही त्यांच्या सहाव्यात नव्हता, म्हणजे सल्ला अगदीच चुकीचा नव्हता. मीही बरीच वर्षे स्वतःला हेच समजावत आलो, आणि त्यात तथ्य आहे असे मला अजूनही वाटते. पण बाराव्या रवीसाठी महिनाभर थांबायला सांगणे वेगळे आणि वेधाचे नाव घेऊन मुदतच न सांगणे वेगळे. त्यांना मुदत कळली असती तर त्यांनी गाळेवाल्याशी बोलून पाहिले असते.

आता तुझ्या ‘दुप्पट अनुकूल’कडे येतो, आणि येथे मात्र मला तुझा राग आला. गुरू 2 जून 2026 रोजी कर्केत येईल, मकरेला सातवा, आणि उच्चीचाही. सातव्या गुरूचे वेधस्थान तिसरे, आणि तिसऱ्यात कोण बसला आहे? तुझा शुभ शनी. जो शनी स्वतः चांगले फळ देतो आहे तोच गुरूचे फळ अडवतो आहे. उलट गुरूचा शनीला काही वेध नाही, कारण शनीचे वेधस्थान बारावे आहे, सातवे नाही. वेध एकेरी असतो. दोन शुभांची बेरीज करण्याआधी प्रत्येकाची जोडी तपासायची ती याचसाठी. आणि गुरू उच्चीचा आहे म्हणून वेध सुटेल अशी आशा धरू नकोस, वेधाच्या कोष्टकात उच्च-नीचाला जागाच नाही.

तारखाही पाहा. मंगळाचा वेध चाळीस दिवसांचा होता, हा तसा नाही. ऑक्टोबरअखेरीस गुरू सिंहेत जाईपर्यंत शनी मीनेतून हलणार नाही, म्हणजे सातव्या गुरूचे पाचही महिने वेधातच जातील. याचा पडताळाही तुझ्या हाताशी होता. 18 ऑक्टोबर ते 5 डिसेंबर 2025 या काळात गुरू कर्केत येऊन वक्री गतीने मिथुनेत परतला, आणि तेव्हाही शनी मीनेतच होता. त्या दीड महिन्यात त्या मुलाची बोलणी कुठवर येऊन थांबली होती, हे तू त्याला विचारलेस का? वहीत तरी तसे काही दिसत नाही. पुढचे सांगण्याआधी मागचे विचारावे.

गोचर हे दशेच्या आणि जन्मकुंडलीच्या खाली आहे, हे मी येथे लिहीत बसत नाही. तुला ते माहीत आहे. दशा अनुकूल असेल तर जूनमध्येही लग्न जमेल, मात्र त्याचे श्रेय सातव्या गुरूला देऊ नकोस.

त्या मुलाला काय सांगायचे, हे तू विचारले होतेस. जानेवारी 2027 च्या अखेरीस गुरू पुन्हा वक्री होऊन कर्केत येईल, तेव्हाही शनीचा वेध असेलच. जून 2027 च्या पहिल्या आठवड्यात शनी मेषेत जाईल आणि गुरू त्याच महिन्याच्या अखेरीपर्यंत कर्केत राहील. मीनेत त्या वेळी चंद्राशिवाय वेध करणारे कोणी नाही. सातवा गुरू त्याला वेधाशिवाय मिळतो तो या तीन आठवड्यांपुरता. शनी तेव्हा चौथा झालेला असेल, त्याची कटकट वेगळी मांड. चंद्र मीनेत कोणत्या दिवशी येतो ते मी मुद्दाम लिहिलेले नाही. पंचांगावरून काढ, आणि रविवारी येताना वही घेऊन ये.

तुझा,
गुरुजी