शाळेच्या वेबसाइटवरची सीबीएसई संलग्नता खरी आहे का, कसं ओळखायचं?

प्रश्न: मुलीला अकरावीला घालायचंय. वेबसाइटवर ‘सीबीएसई, बारावीपर्यंत, बोर्डाकडून तपासणी झालेली’ असं लिहिलंय. विश्वास ठेवावा का?

उत्तर: आधी संलग्नता क्रमांक शोधा. महाराष्ट्रातला तो सात आकडी असतो आणि सहसा 113 ने सुरू होतो. क्रमांक नसेल आणि नुसतं ‘सीबीएसई पॅटर्न’ असेल, तर तिथेच थांबा. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे.

क्रमांक मिळाला की saras.cbse.gov.in वर टाका. नाव जुळलं म्हणून खूश होऊ नका, पत्ता बघा. एकाच संस्थेच्या दोन शाखा असतात, मान्यता एकीला आणि क्रमांक दोघींच्या वेबसाइटवर! मग स्तर आणि मुदत बघा. स्तर ‘सेकंडरी’ असेल तर मान्यता दहावीपर्यंतच. अशी शाळा अकरावी भरवते आणि परीक्षेचे फॉर्म दुसऱ्याच शाळेतून भरते. तुमच्या प्रवेशात हीच मेख असू शकते.

‘तपासणी झालेली’ याला फारसा अर्थ नाही. संलग्नतेच्या अर्जानंतर तपासणी होतेच. ती झाली म्हणजे मान्यता मिळाली असं नाही. मंजुरीचं पत्र मागा.

फी, अग्निसुरक्षा दाखला वगैरे माहिती ‘मॅंडेटरी पब्लिक डिस्क्लोजर’ या पानावर टाकणं बोर्डाने बंधनकारक केलंय. तिथे पीडीएफ उघडतच नसेल किंवा दाखल्याची मुदत संपलेली असेल, तर ऑफिसात जाऊन विचारा. फीचा तक्ता लेखी घ्या आणि त्याला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मंजुरी आहे का, तेही विचारा. 2011 च्या राज्याच्या फी नियमन कायद्यात ती लागते.