क्रिएटिन सुरू करण्याआधी कोणत्या तपासण्या?

«वय ४७, मुलुंडला राहतो. बीपीची एक गोळी चालू आहे. जिममध्ये क्रिएटिन घ्यायला सांगतायत. त्याआधी डॉक्टरांकडे रक्ताच्या-लघवीच्या कोणत्या तपासण्या मागू?»

सर्वांत आधी सीरम क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून टाकते त्या टाकाऊ पदार्थाचं रक्तातलं प्रमाण, आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज. क्रिएटिन सुरू झाल्यावर हेच आकडे हलतात, म्हणून आधीचा आकडा हाताशी हवाच.

मी तो करून घेतला नव्हता. ४८व्या वर्षी रोज ५ ग्रॅम घेत असताना ऑफिसच्या चेकअपमध्ये क्रिएटिनिन १.२ आलं, ईजीएफआर ७५. जुना रिपोर्ट नाही, त्यामुळे हे क्रिएटिनमुळे की किडनीमुळे, कुणालाच सांगता येईना. शरीरातल्या क्रिएटिनचा थोडा भाग रोज आपोआप क्रिएटिनिन होतो. साठा वाढला की रक्तातलं क्रिएटिनिनही थोडं वाढतं. ईजीएफआरचं सूत्र ते किडनीच्या खाती टाकतं. डॉक्टरांनी पावडर बंद करायला लावली. सहा आठवड्यांनी क्रिएटिनिन १.० आलं, म्हणजे ईजीएफआर ९३. तेवढे सहा आठवडे मी नीट झोपलो नाही.

त्या काळात धीर दिला तो सिस्टॅटिन सी या रक्ततपासणीने. क्रिएटिनचा तिच्यावर परिणाम होत नाही, स्नायूंचाही फारसा नाही. माझी नॉर्मल होती. तपासणी महाग आहे आणि प्रत्येक लॅबमध्ये होत नाही. थायरॉइडचा त्रास किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या असतील तर तोही आकडा फसवतो, हे डॉक्टरांना आधी सांगा. पैशांचा प्रश्न असेल तर ती शंका आल्यावर केली तरी चालेल, असं माझं मत.

लघवीची मात्र टाळू नका, विशेषतः तुम्हाला बीपी आहे म्हणून. युरिन रुटीनबरोबर अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो मागा. क्रिएटिनिन नॉर्मल असतानाही किडनीच्या गाळणीतून प्रथिन झिरपू लागलेलं असू शकतं, ते इथे दिसतं. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर ठीक. वर आला तर क्रिएटिनचा विचार थांबवा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणी पुन्हा करा. ताप किंवा लघवीतल्या जंतुसंसर्गामुळेही आकडा वाढतो. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, वर्षभरात केलं नसेल तर तेही सोबत उरकून घ्या.

नमुना कसा देता यावर बरंच अवलंबून आहे. आदल्या दिवशी जिम नको, कारण जोरदार व्यायामाने लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन दोन्ही तात्पुरतं वाढू शकतं. रात्री मटण-मासेही नकोत. शिजवलेल्या मांसातूनच क्रिएटिनिन पोटात जातं. लघवी सकाळची पहिली द्या. घरी नमुना न्यायला माणूस येणार असेल तर डबी आदल्या दिवशीच मागवून ठेवा, नाहीतर पहिली लघवी हुकते.

बीपीच्या गोळीचं नाव आणि अधूनमधून घेत असाल ती दुखण्यावरची गोळीही डॉक्टरांना सांगा. सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये तेच आकडे पुन्हा काढा, आणि फॉर्मवर «क्रिएटिन चालू» असं लिहून द्या.