लूव्हर निवडताना वेग कुठला धरायचा?

लूव्हर म्हणजे हवा आत घेऊन पाऊस अडवणारी तिरप्या पात्यांची चौकट. सेकंदाला ५ घनमीटर हवा आणि २ बाय २ मीटरचा लूव्हर, म्हणून तू वेग १.२५ मीटर काढलास. तो झाला दर्शनी वेग, म्हणजे पूर्ण भोकावरचा. पात्यांमधली मोकळी जागा ४५ टक्के धरली तर १.८ चौरस मीटरच उरते आणि तिथे वेग जवळपास २.८ होतो. पावसाचे थेंब आत ओढले जातात ते या वेगाने. कॅटलॉगमधला आकडा यांपैकी कुठल्या वेगाचा, ते आधी विचार. नवखे हमखास इथेच फसतात.

कोकणासारखा वाऱ्याचा पाऊस असेल तर लूव्हर पाऊस किती अडवतो ते मोजणाऱ्या ईएन १३०३० चाचणीचा निकाल माग. तीत ताशी ७५ मिलिमीटर पाऊस आणि सेकंदाला १३ मीटर वारा असतो. पण नुसता सगळ्यांत वरचा ‘ए वर्ग’ वाचून थांबू नकोस, कारण वेग वाढला की तोच लूव्हर खालच्या वर्गात जातो. तुझ्या वेगाला कुठला वर्ग मिळतो ते बघ. कमी पडला तर भोक मोठं कर.