'यंत्राने मारलं' यातला 'ने' कर्त्याचा की साधनाचा?

प्रश्न: "ऑटोनॉमस वेपन्सवरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. 'स्वायत्त शस्त्र' लिहू की 'स्वयंचलित शस्त्र'? आणि 'कुणाला मारायचं ते यंत्राने ठरवलं' हे वाक्य मराठीत चालेल का?"

'स्वायत्त' लिहा. स्वयंचलित म्हणजे नुसतं आपोआप चालणारं, सरकता जिना स्वयंचलित असतो आणि त्या अर्थाने जमिनीत पुरलेला सुरुंगही, वजन पडलं की फुटतो, पाय सैनिकाचा की गुराख्याच्या पोराचा ते त्याला कळत नाही. सध्या वाद चाललाय तो त्याच्या पुढच्या शस्त्रांबद्दल. एकदा चालू करून दिलं की सेन्सरवरून मिळालेल्या माहितीतून लक्ष्य स्वतः निवडायचं आणि माणसाने पुन्हा काही न करता त्यावर मारा करायचा, अशी ही शस्त्रं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ३०००.०९ नंबरच्या निर्देशात साधारण हीच व्याख्या आहे. 'स्वायत्त' म्हटलं की आपल्याला स्वायत्त महाविद्यालय आठवतं आणि शस्त्राला कुणीतरी अधिकार बहाल केल्यासारखं वाटतं, ते मलाही खटकतं, पण शब्द आता रूढ झालाय.

दुसऱ्या प्रश्नात जास्त अडचण आहे. 'रामाने भाजी कापली' आणि 'सुरीने भाजी कापली', दोन्हीकडे 'ने' आहे, दोन्ही तृतीया, पण पहिला कर्ता आणि दुसरं करण, म्हणजे साधन. सुरीच्या वाक्यात कापणारा माणूस सांगितला नसला तरी तो आहे हे आपण धरूनच चालतो. 'यंत्राने मारलं' मध्ये मात्र वाचणारा यंत्राला कर्ता धरतो आणि माणूस वाक्यातून पार निघून जातो. हे नुसतं व्याकरण नाही, प्रत्यक्षात काय होतं ते एका प्रसंगावरून सांगतो.

२३ मार्च २००३, इराक युद्धाचे पहिले दिवस. ब्रिटिश हवाई दलाचं एक टॉर्नेडो विमान मोहीम संपवून कुवेतमधल्या अली अल सालेम तळाकडे परत येत होतं. वाटेत अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्रांची, म्हणजे येणारी विमानं आणि क्षेपणास्त्रं हवेतच पाडणाऱ्या यंत्रणेची, एक बॅटरी म्हणजे तुकडी तैनात होती, तिने ते पाडलं, आतले दोघेही मेले. आता 'पॅट्रियटने पाडलं' म्हणजे काय झालं ते नीट बघा. रडारवर एक ठिपका आला, त्याचा वेग आणि मार्ग वगैरे बघून कॉम्प्युटरने त्याला रडारविरोधी क्षेपणास्त्र ठरवलं, म्हणजे रडारच्या लहरींचा माग काढत रडारवरच येऊन आदळणारं. पडद्यावर तसं चिन्ह उमटलं आणि तेही थेट बॅटरीच्या दिशेने येताना. 'आपला की शत्रूचा' हे विचारणारा आयएफएफचा सिग्नल पाठवला गेला, उत्तर आलं नाही (टॉर्नेडोची ती यंत्रणा बंद पडली असावी असं चौकशीत म्हटलंय). ठरवायला क्रूच्या हातात साधारण एक मिनिट होतं. सगळे निकष पूर्ण झालेले दिसले आणि त्यांनी स्वसंरक्षण म्हणून क्षेपणास्त्र सोडलं.

म्हणजे इथे माणूस होता! मग निर्णय त्याचाच ना? ब्रिटिश चौकशी मंडळाचा अहवाल वाचला की हे इतकं सरळ राहत नाही. कॉम्प्युटरमधले निकष जगभरातल्या नाना तऱ्हेच्या रडारविरोधी क्षेपणास्त्रांवरून घेतलेले आणि फार सैल होते, इराककडून खरा धोका कसला आहे ते बघून ते घट्ट करायला हवे होते. त्या बॅटरीकडे संपर्काची पूर्ण साधनं नव्हती, त्यामुळे आकाशात आपली कुठली विमानं आहेत याचं मोठं चित्र क्रूला दिसतच नव्हतं. आणि ट्रेनिंग असं की झटपट प्रतिसाद द्या, लवकर मारा करा, सिस्टिमवर विश्वास ठेवा. मला सगळ्यात लागली ती अहवालातली एक साधी नोंद, की क्रूने थोडा उशीर केला असता तर विमानाचा मार्ग बदलल्यावर सिस्टिमने बहुधा त्याचं वर्गीकरणही बदललं असतं.

दहा दिवसांनी, २ एप्रिलला, पॅट्रियटने अमेरिकेच्याच नौदलाचं एफ/ए-१८ विमान पाडलं आणि पायलट गेला. नंतर पेंटागॉनच्या डिफेन्स सायन्स बोर्डाने लिहिलं की पॅट्रियटची कामाची पद्धतच बऱ्याच अंशी आपोआप चालणारी होती आणि चालवणाऱ्यांना सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवायला शिकवलेलं होतं.

पॅट्रियट दोन प्रकारे चालवता येते. एकात माणसाने बटण दाबल्याशिवाय काही सुटत नाही, दुसऱ्यात माणसाने थांबवलं नाही तर सुटतं. कागदावर हा फरक मोठा आहे आणि भाषांतर करताना तो जपायलाच हवा, पण एक मिनिट, एक चिन्ह आणि 'विश्वास ठेवा' एवढंच हातात असलेला माणूस बटण दाबतो तेव्हा तो यंत्राने आधीच काढलेल्या निष्कर्षाला होकार देतो, याला मी ठरवणं म्हणणार नाही.

यावर कुणी म्हणेल, माणसं काय कमी चुकतात? चुकतात, आणि भयंकर चुकतात. ३ जुलै १९८८ ला अमेरिकेच्या विन्सेन्स युद्धनौकेने इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं, २९० जण गेले, आणि तिथे कॉम्प्युटर विमान वर चढतंय असं बरोबर दाखवत होता, माणसं मात्र ते खाली येतंय असं ओरडत होती. म्हणून यंत्राची मदत घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. जहाजावर येणारी क्षेपणास्त्रं यंत्राने अडवावीत, तिथे वेळ नसतो आणि लक्ष्यही वस्तू असते. पण लक्ष्य म्हणून माणूस निवडायचं काम यंत्राला कधीच देऊ नये असं माझं ठाम मत आहे. हात वर केलेला सैनिक, जखमी होऊन पडलेला, बंदूक घेऊन शेत राखणारा, यातला कोण मारण्याजोगा नाही हे त्याच्या आकारावरून किंवा हालचालीवरून ठरत नाही, आणि पॅट्रियटला तर मोकळ्या आकाशातलं एक जेट विमानसुद्धा नीट ओळखता आलं नव्हतं. शिवाय विन्सेन्सच्या बाबतीत निदान कॅप्टनला जाब विचारता येतो. निकष सैल लिहिणारा एक, बॅटरी तशी उभी करणारा दुसरा, बटण दाबणारा तिसरा, असं झालं की जबाबदारी कुणाच्याच गळ्यात पडत नाही.

आपल्या देशाबद्दलही लेखात आलं असेल तर नीट लिहा. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या शस्त्रांवरचा ठराव १५२ विरुद्ध ४ असा मंजूर झाला, त्या चारांत भारत होता. भारताचं म्हणणं असं की ही चर्चा जिनिव्हात पारंपरिक शस्त्रांच्या कराराखाली चालू आहे, तिथेच व्हावी. तिथल्या तज्ज्ञगटाचं अध्यक्षपद सुरुवातीला भारताच्याच अमनदीप सिंग गिल यांच्याकडे होतं. हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण जिनिव्हात सगळ्यांच्या संमतीशिवाय पान हलत नाही, पण तो आहे तसा मांडा, 'भारताचा अशा शस्त्रांना पाठिंबा' असं लिहू नका.

आता तुमचं वाक्य. 'यंत्राने ठरवलं' च्या जागी यंत्र खरंच जे करतं ते क्रियापद घाला: ओळखलं, वर्गीकरण केलं, निवडलं, सोडलं. 'ठरवलं' माणसासाठी राखून ठेवा आणि तो माणूस वाक्यात आणा, उदाहरणार्थ 'सैन्याने लावून दिलेल्या निकषांवरून यंत्राने लक्ष्य निवडलं आणि कुणालाही न विचारता मारा केला'. लांब होतं, होऊ द्या. मूळ लेखात 'ह्यूमन ऑन द लूप' असेल तर 'माणसाच्या देखरेखीखाली' पुरत नाही, 'माणूस थांबवू शकतो, पण थांबवलं नाही तर मारा होतो' असं पहिल्यांदा एकदा पूर्ण लिहा आणि मग पुढे 'देखरेख' वापरा.