पाठवलेल्या प्रस्तावातला आकडाच चुकला असेल तर सुधारित प्रत कशी पाठवावी?

प्रश्न: आमच्या छोट्या संस्थेने अभ्यासिका प्रकल्पासाठी एका न्यासाकडे मेलने प्रस्ताव पाठवला. आज पाहिलं तर अर्धवेळ लेखापालाचं मानधन तक्त्यात आहे, पण बेरजेत धरलेलंच नाही. मुदत परवा संपते. सुधारित प्रत पाठवली तर वाईट दिसेल का? कशी पाठवू?

उत्तर:

पाठवा, आणि उद्या दुपारच्या आत पाठवा. काही वर्षं मी अशा अर्जांच्या छाननीला बसत होतो. मुदतीच्या आत आलेली, नीट समजणारी दुरुस्ती पाहून कोणी नाक मुरडल्याचं मला आठवत नाही. नाक मुरडलं जातं ते तिसरी 'अंतिम' प्रत आल्यावर. म्हणून आधी नेमकं काय काय चुकलं आहे ते शोधा, मेल नंतर लिहा.

तुमचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून उदाहरण घेतो. समन्वयक २,१६,०००, तीन शिक्षिका ३,२४,०००, साहित्य ९०,०००, प्रवास ६०,०००, प्रशिक्षण ५०,०००. ही बेरीज ७,४०,०००. अनुक्रमांक ६ वर, म्हणजे शीर्षकाची ओळ धरून सातव्या ओळीत, लेखापाल, दरमहा ५,००० प्रमाणे ६०,०००. ही ओळ मागाहून घातली असणार आणि बेरजेचं सूत्र `=SUM(E2:E6)` असंच राहिलं असणार. शेवटच्या ओळीखाली नवी ओळ घातली की सूत्राची कक्षा आपोआप वाढतेच असं नाही. सगळे आकडे माउसने निवडून खालच्या पट्टीतली बेरीज तक्त्यातल्या बेरजेशी ताडून पाहिली की लगेच कळतं.

आता खरी गोम. फरक ६०,००० चा नाही. प्रशासकीय खर्च १० टक्के धरला असेल तर तो ७४,००० दिसत होता, तो ८०,००० होईल. म्हणजे मागणी ८,१४,००० वरून ८,८०,००० वर जाते, फरक ६६,०००. मुलं ११० असतील तर प्रतिविद्यार्थी खर्च ७,४०० ऐवजी ८,०००, आणि हा आकडा बहुतेक पहिल्या पानावरच्या सारांशात मोठ्या हौसेने लिहिलेला असतो. एकूण रक्कम आणखी कुठे कुठे आहे ते शोधा: आवरणपत्रात, अक्षरी रकमेत, न्यासाने दिलेल्या छापील नमुन्यात. अक्षरी रक्कम हमखास सुटते.

एक जागा तर मला नेहमी दिसायची, ती म्हणजे कार्यकारी मंडळाचा ठराव. 'रुपये ८,१४,००० इतक्या अनुदानासाठी अर्ज करण्यास मान्यता' असं त्यात असेल तर ते खोडून वर नवा आकडा लिहू नका. शक्य असेल तर बैठक घेऊन नवा ठराव करा. दोन दिवसांत जमत नसेल तर मेलमध्ये तसं सांगा आणि ठराव कधीपर्यंत पाठवाल ती तारीख द्या. न्यासाने कमाल मर्यादा घातली असेल तर नवा आकडा तिच्या आत बसतो ना, तेही आत्ताच बघा.

आता पलीकडे काय चालतं ते सांगतो, म्हणजे मेल तशी का लिहायची ते कळेल. तुमचा प्रस्ताव आला की कार्यालयातली व्यक्ती त्याला क्रमांक देते आणि एका तुलनात्मक तक्त्यात संस्थेचं नाव, गाव, मागणीची रक्कम वगैरे भरते. निवड समितीतल्या बऱ्याच जणांसमोर प्रामुख्याने तो तक्ताच असतो. तुमची दुरुस्ती त्या रकान्यापर्यंत पोचली नाही तर ती पोचलीच नाही म्हणा. म्हणून जुना आणि नवा आकडा एकाच वाक्यात शेजारी शेजारी हवेत, आणि जोडपत्र न उघडताही दिसायला हवेत.

आधीच्याच मेलला उत्तर म्हणून पाठवा, म्हणजे पहिला प्रस्ताव खाली राहतो. साधारण असं लिहा:

> विषय: सुधारित प्रस्ताव – अभ्यासिका प्रकल्प, (संस्थेचे नाव, अर्ज क्रमांक असल्यास)
>
> महोदया, सप्रेम नमस्कार.
>
> आमच्या प्रस्तावातील अंदाजपत्रकात बेरजेची चूक राहिली आहे. अनुक्रमांक ६ वरील लेखापालाचे मानधन (रु. ६०,०००) बेरजेत धरले गेले नव्हते, त्यामुळे प्रशासकीय खर्चही कमी लागला होता. मागणीची एकूण रक्कम रु. ८,१४,००० ऐवजी रु. ८,८०,००० अशी वाचावी. प्रतिविद्यार्थी खर्च त्यानुसार रु. ८,००० होतो. याखेरीज प्रस्तावात कोणताही बदल केलेला नाही.
>
> संपूर्ण सुधारित प्रस्ताव सोबत जोडला आहे. आधीच्या प्रतीऐवजी हीच प्रत विचारात घ्यावी, ही विनंती. आपल्याला तसदी पडली याबद्दल दिलगीर आहोत. प्रत मिळाल्याचे कृपया कळवावे.

दिलगिरीचं एक वाक्य पुरे. संगणक बिघडला, ताई रजेवर होत्या, घाई झाली, हे कोणी विचारलेलं नाही. 'कोणताही बदल केलेला नाही' हे वाक्य मात्र अक्षरशः खरं असू द्या. हाती संधी आहे म्हणून उद्दिष्टांचा परिच्छेदही जरा सजवून घ्यावा असा मोह होतो. तो बदल पलीकडे कुणाच्या लक्षात आला तर तुमचे बाकीचे आकडेही पुन्हा तपासले जातात.

फक्त अंदाजपत्रकाचं पान पाठवू नका, संपूर्ण प्रस्ताव पाठवा. सुटं पान पाठवलं की ते जुन्या प्रतीत घालायचं काम तिकडच्या माणसावर पडतं, आणि सारांश तर जुनाच राहतो. फाइलच्या नावात 'सुधारित' आणि तारीख घाला. पाठवण्यापूर्वी मंडळातल्या अशा माणसाला कॅल्क्युलेटर घेऊन बसवा, ज्याने हा तक्ता केलेला नाही.

मेल गेल्यावर कार्यालयीन वेळेत एक फोन करा. 'आधी पाठवलेल्या प्रस्तावाची सुधारित प्रत आत्ता मेल केली आहे, एकूण रक्कम बदलली आहे, आपल्या नोंदीत बदलून घ्याल का?' एवढंच. फोनवर हो म्हटलं तरी लेखी पोच मागा.

बदल स्वीकारता येत नाही असं उत्तर आलं तर वाद घालू नका. मंडळाची तयारी असेल तर कळवा की मागणी ८,१४,००० च राहू द्यावी, लेखापालाचं मानधन संस्था स्वनिधीतून देईल. मग त्या ओळीपुढे 'संस्थेचा वाटा' असं लिहून येईल आणि तक्ता जुळेल. हे आत्ताच स्पष्ट झालेलं बरं. नाहीतर पुढे मंजूर झालेल्या ८,१४,००० मधूनच तुम्ही लेखापालाला पैसे द्याल, साहित्याची रक्कम तिकडे वळवाल, आणि वर्षअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्र करताना सनदी लेखापाल विचारतील की शीर्षबदलाची परवानगी कुठे आहे.