वास्तुशांतीला पन्नास माणसांचं जेवण: सामान किती, वेळ कशी बसवायची?

प्रश्न: बेळगावात अनगोळला नवीन घर झालंय, वास्तुशांत आहे. पन्नास माणसं जेवायला धरलीत. घरचे म्हणतात आपणच करू, बाकीचे म्हणतात केटरर बघा. घरी करायचं तर सामान किती लागेल आणि कुठून सुरुवात करायची?

पन्नास हा अडनिडा आकडा आहे. केटररला तो फार लहान वाटतो, घरच्या शेगडीला फार मोठा. आमच्याकडे अशा वेळी एक आचारी आणि त्याच्या हाताखाली एक माणूस बोलावतात. सामान आपलं, भांडी भाड्याची, हात त्यांचे. घरच्या बायकांनी पुऱ्या लाटायला बसायचं ठरवलं तर पूजेला बसणार कोण आणि आल्यागेल्याला बघणार कोण?

आधी आकडा तपासून घ्या. पन्नास पाहुणे म्हणजे पन्नास पानं नव्हेत. गुरुजी आणि त्यांचा जोडीदार, आचारी, भांडी घासणारी बाई, घर बांधलेले गवंडी, सुतार, नळवाले हेही जेवणार. या लोकांना जेवायला न बोलावता वास्तुशांत केली तर गल्लीत बोलणी खावी लागतात, आणि ते योग्यच आहे. म्हणून सामान साठ पानांचं भरा. खालचे आकडे साठ पानांचेच आहेत, कांदा-लसूण नसलेल्या बेताचे. नैवेद्याला वेगळी चूल मांडायची नाही, तेवढं एक काम वाचतं.

बेत असा धरू: गव्हाची खीर, पुरी, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, कोसंबरी, तोंडली घालून मसालेभात, वरण-भात, मठ्ठा. शेजारी कानडी असतील तर कोसंबरी आणि खीर, म्हणजे त्यांची हुग्गी, पानात दिसली की ते खूश. पुरणपोळीचा हट्ट धरू नका. साठ पानांना दोन-दोन धरल्या तरी एकशेवीस पोळ्या होतात आणि आचाऱ्याची सगळी सकाळ तव्यापाशीच जाते.

खिरीला कांडलेला खपली गहू 2 किलो, गूळ 2 किलो, नारळ 3, वेलची, जायफळ. पुरीला कणीक 6 किलो: किलोला साधारण पंचेचाळीस पुऱ्या होतात, माणशी चार-साडेचार निघतात. मसालेभाताला तांदूळ अडीच किलो, पांढऱ्या भाताला 2. भात असल्यावर पुरी कमी खपते आणि पुरी असल्यावर भात, त्यामुळे दोन्ही पोटभर धरू नका. तूरडाळ सव्वा किलो, बटाटे 6 किलो, कोरडी मटकी दीड किलो, कोसंबरीला मूगडाळ अर्धा किलो आणि काकडी 2 किलो, मठ्ठ्याला दही 3 किलो, तूप 1 किलो. तेल 5 लिटर लागेल. त्यातलं बरंच तळणीनंतर उरतं, पण कढईत भरपूर नसेल तर पुरी फुगत नाही. किराणा रविवार पेठेतून दोन दिवस आधी आणा. भाजी, नारळ, केळीची पानं आदल्या दिवशी. पानं सत्तर घ्या, दहाएक फाटकी निघतातच.

आता वेळ. सगळा दिवस पूर्णाहुतीवर टांगलेला असतो. पुण्याहवाचन, वास्तुमंडल, नवग्रह, होम, बलिदान, मग पूर्णाहुती. गुरुजींना आधीच विचारा की सुरुवात किती वाजता आणि पूर्णाहुती साधारण किती वाजता. समजा नऊला बसून साडेबाराला पूर्णाहुती. मग पहिली पंगत एकला, आणि तिथून मागे मोजत यायचं.

आदल्या संध्याकाळी खपली आणि मटकी भिजत घाला. मटकीला मोड हवे असतील तर ती एक दिवस आणखी आधी भिजवा. सकाळी सहाला आचारी येतो, सातला खीर चुलीवर. उघड्या पातेल्यात गहू शिजायला दोन तास सहज जातात. गूळ कधी घालायचा हे मात्र डोळ्यांनी बघा: दाणा बोटांत धरून दाबला की पूर्ण चिरडला पाहिजे, मधे पांढरा कण राहता कामा नये. कण असताना गूळ पडला तर गहू पुढे मऊ होत नाही, मग कितीही आटवा. आमच्याकडे एका घरी पातळ बुडाचं पातेलं आलं होतं आणि खीर खालून लागली. आचाऱ्याने ढवळलं नाही, वरची खीर अलगद दुसऱ्या भांड्यात ओतली, म्हणून वास वर चढला नाही. तेव्हा भांडी आणताना बुडं हाताने दाबून बघा. दूध खिरीत शिजवू नका, गुळाने नासायची भीती असते. पानात खीर वाढली की वरून कोमट दूध आणि तूप, आमच्या भागात तशीच खातात. त्यासाठी 4 लिटर दूध वेगळं ठेवा.

साडेदहापर्यंत भाज्या चिरून, डाळ शिजून व्हायला हवी. उसळ आणि बटाटा अकराला, मसालेभात सव्वाअकराला, पांढरा भात बाराला. कोसंबरीत मीठ आणि लिंबू पान वाढायच्या आधी, नाहीतर काकडी पाणी सोडते. कणीक साडेअकराला मळा, पण तळायला सुरुवात पूर्णाहुतीची तयारी दिसली की. एका मोठ्या कढईत साठ पानांच्या पुऱ्यांना तास जातो, त्यामुळे पहिली पंगत बसताना शंभरेक तयार आणि बाकीच्या गरम वाढत. पूजा अर्धा तास लांबली तर अकडून बसतात त्या फक्त पुऱ्या, बाकी सगळं झाकून राहतं.

नवीन घराची एक खोड असते. नळ जोडलेला असतो, पण पाणी येईलच असं नाही. पिण्यासाठी वीस लिटरचे चार जार, आणि शिजवायला-धुवायला टाकी आदल्या दिवशी भरलेली हवी. शेगडी आणि पातेली मागच्या अंगणात मांडा. स्वयंपाकघरात सकाळी दूध उतू घालायचं आणि तेवढंच. नव्या ओट्यावर फोडणीचे डाग नकोत. गॅस व्यावसायिक, 19 किलोचा एक पुरतो, पण मीटरबॉक्सपासून लांब ठेवा.

पंगती दोन करा, तिसाच्या. पहिलीत लांबून आलेले आणि वयस्कर, कारण निपाणी-खानापूरकडची माणसं बसच्या वेळेला टांगलेली असतात. गुरुजींचं पान पहिल्या पंगतीतच. दुसऱ्यात घरचे, कामगार, आचारी. दुसरी पंगत बसायच्या आधी भाताच्या पातेल्यात डोकावा. अर्ध्याच्या खाली गेलं असेल तर लगेच एक किलो तांदूळ चढवा, वीस मिनिटांत होतात. पाव किलो मूगडाळ भिजवून ठेवली तर घाईत वरणही वाढवता येतं.

उरलेली खीर दुसऱ्या दिवशी गरम करून दुधासोबत छान लागते. मसालेभात मात्र उन्हाळ्यात संध्याकाळच्या आत शेजारीपाजारी वाटून टाका, नारळ घातलेला भात लवकर आंबतो.